रोज संध्याकाळी येणारी पुल रिक्वेस्ट

ऑक्टोबर महिना मला आवडत नाही. लोकांना दसरा-दिवाळी दिसते, मला कचरा दिसतो. आणि कचरा टाकणारे वर पुन्हा ‘थँक यू सर’ लिहितात. मी सर नाही, बाई आहे, आणि प्रकल्पाच्या पानावर माझा चांगला मोठा फोटो आहे.

प्रकल्प तसा लहान. पूर्वी ऑफिसांमध्ये मराठी-हिंदी मजकूर नाना तऱ्हेच्या फॉन्टांत टाइप व्हायचा. त्या फायली आज उघडल्या की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात. त्यांचा वाचता येईल असा मजकूर करून देणारा प्रोग्राम मी आणि माझ्या कॉलेजातल्या एका मित्राने दुर्गला शिकत असताना लिहायला घेतला. कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. फुकट वापरा, चूक सापडली तर सुधारून पाठवा. अशी पाठवलेली सुधारणा म्हणजे पुल रिक्वेस्ट. आम्ही ती तपासायची, पटली तर मूळ कोडात मिसळायची, म्हणजे मर्ज करायची, आणि नाही पटली तर कारण लिहून बंद करायची. हा अधिकार तिघांकडे होता. मी, तो, आणि मागाहून आलेला नागपूरचा एक जण.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर माझा मित्र गेला. रायपूरहून मोटरसायकलने घरी येत होता, कुम्हारीच्या पुढे ट्रकने उडवलं. मी आजही त्या रस्त्याने बसने कामाला जाते आणि ती जागा आली की मोबाइलमध्ये डोकं घालते.

त्याचा अधिकार मी काढला नव्हता. नियमाने काढायला हवा होता. माणूस गेला की त्याच्या खात्याला कोणी वाली उरत नाही, पासवर्ड कोणाच्या हाती लागला तर तो आमच्या नावाने प्रोग्रामचं नवं व्हर्जन सोडू शकतो आणि ते हजार लोकांच्या मशीनवर जाऊन बसतं. नागपूरच्याने दोन-तीनदा आठवण करून दिली. मी दर वेळी ‘बघू’ म्हटलं. तिघांच्या यादीत त्याचं नाव मधे होतं. ते काढलं की वरचं आणि खालचं नाव एकमेकांना चिकटणार, हे मला नको होतं. एवढंच कारण. शहाणपणाचं नाही, पण होतं.

ऑक्टोबरात विद्यार्थ्यांसाठी ओपन सोर्सचा मोठा कार्यक्रम असतो. महिन्याभरात ठरावीक पुल रिक्वेस्टा स्वीकारल्या गेल्या की बक्षीस मिळतं, कधी टी-शर्ट, कधी नुसतं चित्र. ज्या प्रकल्पाला भाग घ्यायचाय त्याने आपल्या पानावर तसा टॅग लावायचा. आमचा टॅग माझ्या मित्रानेच लावला होता, काही वर्षांपूर्वी, आणि तेव्हा खरोखर चांगली पोरं आली. नागपूरचा त्यातलाच. त्यामुळे टॅग तसाच राहिला.

यंदा कुणीतरी व्हिडिओ काढला. ‘पाच मिनिटांत पुल रिक्वेस्ट कशी करायची’, आणि दाखवायला नेमका आमचा प्रकल्प घेतला. रीडमी म्हणजे प्रकल्पाच्या दारावरची पाटी. ती उघडली, एक शब्द बदलला, पाठवून दिलं. झालं. दुसऱ्या दिवशीपासून मुंग्यांनी गुळाची ढेप शोधली.

पहिले दोन दिवस मी हसले. कुणी शीर्षकापुढे ‘अमेझिंग’ लावलं. कुणी पूर्णविराम काढला, पुढच्याने परत घातला. कुणी स्वतःचं नाव घातलं, कुणी आपल्या गृहपाठाचा अख्खा फोल्डर टाकला. एकाने सगळी फाइल यंत्राकडून ‘सुधारून’ आणली होती आणि त्यात एकही जोडाक्षर धड उरलं नव्हतं. नागपूरच्याने सरसकट बंद करणारी स्क्रिप्ट लिहिली. मी म्हटलं, नाही, मी वाचून बंद करीन. शंभरात एखादं खरं पोर असतं, त्याला यंत्राने हाकललं तर ते पुन्हा येणार नाही. झालं, आ बैल मुझे मार. रोज कामावरून आले की चहाचा कप घेऊन मी कचरा निवडायला बसायची. वाचायचं, ‘स्पॅम’चं लेबल लावायचं, म्हणजे ती बक्षिसात धरली जात नाही, आणि बंद करायचं. टॅगही काढून टाकला. काही फरक पडला नाही. टॅग आहे की नाही हे वाचणारी माणसं असती तर त्यांनी रीडमीही वाचली असती.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मला हसू येईना. सगळे एकच वाक्य लिहीत होते. व्हिडिओतल्या माणसाने घाईत एक चुकीचं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं, तेच चुकीसकट येत होतं, शेकडो वेगवेगळ्या नावांनी. मी विचारायची, हा बदल कशासाठी केलास? कोणी उत्तर देत नव्हतं. एकानेही नाही. भांडले असते तरी बरं वाटलं असतं. दार वाजायचं, उघडलं की बाहेर कोणी नाही, आणि तोवर पुन्हा वाजायचं. घरात एकटी असताना मला त्या वाक्याचा आवाज ऐकू यायला लागला होता, आणि तो कोणाही एकाचा नव्हता.

मग त्या गर्दीत एक जण वेगळा दिसू लागला. बाकीचे एकदा येत आणि जात. हे एक खातं रोज येत होतं, दिवेलागणीला. नवं खातं, फोटो नाही, नावाच्या जागी अक्षरं आणि आकडे. त्याचं पहिलं काम मी मर्जही केलं होतं. रीडमीत एका शब्दाची वेलांटी चुकली होती, ती त्याने सुधारली होती. मी बसस्टॉपवर उभी होते, मोबाइलवर पाहिलं, बरोबर होतं, मर्ज केलं. खरं पोर सापडलं म्हणून खूशही झाले. त्यानंतर मात्र रोज काहीतरी फालतू. मी बंद करायची, दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा हजर. बक्षिसासाठी इतक्या रिक्वेस्टा कोणी पाठवत नाही. स्पॅमचं लेबल दोनदा लागलं की माणूस बक्षिसातून बाद होतो, तरी हा थांबला नाही. याला टी-शर्ट नको होता. मग काय हवं होतं?

त्या दिवशी मी चिडून त्याच्या सगळ्या रिक्वेस्टा एकाखाली एक उघडल्या. ती पहिली वेलांटी सोडली तर प्रत्येकीत तीच एक ओळ बदलली होती. रीडमीत खाली आम्हा तिघांची नावं आहेत, त्यातली मधली. माझ्या मित्राच्या नावाची. एक दिवस त्या नावापुढे एक स्पेस घातला होता. दुसऱ्या दिवशी तिथे टिंब. मग दोन स्पेस. दुसरीकडे कुठेही हात लावलेला नव्हता.

मी एरवी फक्त काय बदललं तेवढं पाहते. त्या दिवशी बदल कोणी नोंदवला ते उघडलं. ती नोंद, जिला कमिट म्हणतात, पाठवणाऱ्या खात्याच्या नावावर नव्हती. तिथे माझ्या मित्राचं नाव होतं. नावाशेजारी त्याचा गोल फोटो, शिवनाथ नदीच्या काठावरचा, गॉगल कपाळावर चढवलेला. त्याखाली वेळ: काही मिनिटांपूर्वी.

मी घाबरले. आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस लावला, भांडं ठेवलं नाही, तशीच उभी राहिले. बाहेर पोलादाच्या प्लांटची नेहमीची घरघर चालू होती आणि ती मला पहिल्यांदा ऐकू आली. जन्म या आवाजात गेला, पण त्या संध्याकाळी वाटलं की तिकडे काहीतरी जागं आहे.

डोकं ठिकाणावर आल्यावर नागपूरला फोन लावला. तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता अधिकार काढ. मी त्याला समजावलं, आणि खरं तर स्वतःलाच समजावत होते, की कमिटवरचं नाव हा काही पुरावा नसतो. मशीनवर जे नाव आणि जो ईमेल लिहून ठेवलाय तेच कमिटवर चिकटतं, कोणी ओळखपत्र मागत नाही. साइट तो ईमेल पाहते आणि ज्याच्या खात्याचा असेल त्याचा फोटो लावते. त्याचा ईमेल त्याच्या जुन्या कामात सगळ्यांना दिसतो. कोणीही उचलून वापरू शकतो. ‘मंग तर कोणीतरी मुद्दाम करून राहिलं,’ तो म्हणाला. ‘काढ ना. कावून थांबली तू?’ मी म्हटलं, उद्या संध्याकाळपर्यंत दे मला. त्याचा लॅपटॉप घरच्यांनी विकला असेल, चोरीला गेला असेल, आधी तेवढं विचारते.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून दुर्गच्या पद्मनाभपुरला गेले. त्याच्या घरी आता दोघंच राहतात, वडील आणि धाकटी बहीण. काकू फार आधी गेल्या. काका प्लांटच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झालेत, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या सांभाळल्या. अमरावतीकडचे, मोजकं बोलणारे. बहीण इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर मी तिकडे फिरकले नव्हते, त्यामुळे बेल वाजवताना काय बोलायचं ते ठरवत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नुकताच लागला होता, उदबत्तीचा वास होता. समोरच्या खोलीत टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा. त्याच्यासमोर खुर्ची ओढून काका बसलेले, चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून. बहीण शेजारी उभी. माझ्याकडे दोघांची पाठ होती.

‘आज हिरवा झाला काय?’ काकांनी विचारलं.

‘अभी नहीं, पापा. होईल.’

पडद्यावर काय आहे ते मला दारातूनच कळलं. ते माझ्या मित्राचं पान होतं. त्या साइटवर प्रत्येकाच्या पानावर वर्षभराच्या दिवसांचे चौकोन असतात. ज्या दिवशी काम केलं तो चौकोन हिरवा, नाही केलं तो राखाडी. त्याचं सगळं वर्ष राखाडी होतं. अगदी डावीकडच्या कडेला थोडे हिरवे उरले होते, गेल्या दिवाळीच्या आधीचे. आणि उजवीकडे, याच महिन्यात, एकच एक हिरवा.

तो मी केला होता. बसस्टॉपवर उभं राहून.

बहिणीने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती काही लपवायला गेली नाही. कॉलेजात सगळ्यांना त्या कार्यक्रमात भाग घ्यायला सांगितलं होतं. तिने दादाचा लॅपटॉप काढला, स्वतःचं खातं उघडलं, व्हिडिओ पाहून एक शब्द सुधारला. त्या मशीनवर नाव त्याचं आहे हे तिच्या गावीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहज दादाचं पान उघडलं तर एक चौकोन हिरवा. तिने पापांना हाक मारली. त्या रात्री काका बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मग ती रोज पाठवत राहिली. दुसऱ्या प्रकल्पांतही पाठवून पाहिलं, तिथे मर्ज झालं तरी त्याचा चौकोन हिरवा होत नव्हता. फक्त आमच्याकडे मर्ज झालं की होई. त्याचं कारण तिला माहीत नव्हतं, मला होतं. अनोळखी ठिकाणची नोंद ते पान मोजत नाही, ज्या प्रकल्पाशी त्या खात्याचा संबंध आहे तिथलीच मोजतं. आणि आमच्या प्रकल्पात तो अजून होता.

‘दीदी, एक कर दो ना,’ ती म्हणाली. ‘हप्त्याला एक. स्पेसनं तुमचं काय बिघडतं?’

मला राग यायला हवा होता. हाच प्रश्न मला त्या महिन्यात शंभर जणांनी विचारला असता तर शंभर वेळा झाडलं असतं. आणि तिचा दादा स्वतः तर माझ्याहून कडक होता, फालतू रिक्वेस्ट बंद करताना कारणाची दोन वाक्यं लिहायचा, त्यातलं दुसरं बोचरं असायचं. पण तिच्याकडे पाहून माझ्या तोंडून नाही निघेना. खरंच, काय बिघडतं? एक स्पेस. कोणाला दिसणारही नाही.

काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, ‘इकडचे पुसल्या कावून जाऊन राहिले?’ त्यांनी डावी कड दाखवली. आठवड्यागणिक तिकडची एक रांग जात होती, ते रोज मोजत नसले तरी पाहत होते. दिवाळी झाली की तिथे काही उरणार नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसले. सांगितलं की पान फक्त मागचं एक वर्ष दाखवतं, पुसत काही नाही. बाजूला वर्षांची यादी असते. मी त्यातलं एक वर्ष उघडलं. पडदा हिरवा झाला. त्याच्या मागचं उघडलं, तेही हिरवं. ज्या उन्हाळ्यात आम्ही जोडाक्षरांवर बसलो होतो त्यात तर एक चौकोन रिकामा नव्हता, रविवारसुद्धा. काका पुढे झुकले. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, आवाज नव्हता. बराच वेळ ते एकेका महिन्यावरून नजर फिरवत राहिले.

‘हे सारं त्यानं केलं?’

‘हो काका. एकूण एक.’

‘अन् तो एक?’ त्यांनी मला परत या वर्षावर यायला लावलं आणि उजवीकडच्या एकट्या हिरव्यावर बोट ठेवलं.

बहीण खाली पाहू लागली.

‘मले पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,’ काका म्हणाले. ‘मेलेला माणूस ड्यूटीवर येत नाही. दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड दाबणारे किती जण पकडले मी. एकाची तर नोकरी गेली, घरी लहान लेकरं होते त्याचे. आन् मी इथं रोज बसून पाहून राहिलो.’

ती रडायला लागली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त तिच्या मनगटाला धरून ठेवलं.

मग त्यांनी मला विचारलं, ‘त्याचा गेटपास तुयाकडे अजून चालू हाय?’

प्लांटमध्ये माणूस निवृत्त झाला किंवा गेला की गेटपास जमा करावा लागतो. गेलेल्याचा घरचं कोणीतरी नेऊन देतं. त्यांनी अशा कित्येक बायकापोरांकडून ते हातात घेतले असतील. ते काय विचारतायत हे मला लगेच कळलं. चालू आहे, मी म्हटलं. मी काढला नाही.

‘मंग जमा करून घे.’

मी तिथेच माझ्या खात्यात शिरले, आमच्या प्रकल्पाचं पान उघडलं, तिघांची यादी आली. त्याच्या नावासमोर काढण्याचं बटण. दाबल्यावर साइटने पुन्हा विचारलं. काकांनी विचारलं काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं: या व्यक्तीला खरंच काढायचं का? माझा हात तिथेच राहिला. मीच त्याला कॉलेजात या कामात ओढलं होतं. वर्षभर ‘बघू’ म्हणत ढकलत आणलेली गोष्ट समोर होती आणि बोट हलत नव्हतं.

काकांनी माझा हात बाजूला केला. त्यांनी कधी लॅपटॉपला हात लावलेला नव्हता. एका बोटाने, बेल दाबावी तसं जोर लावून, त्यांनी ते दाबलं. बाण सरकला होता, काही झालं नाही. बहिणीने डोळे पुसले, बाण परत जागेवर आणून दिला. त्यांनी पुन्हा दाबलं.

दोन नावं उरली.

त्या लॅपटॉपवरचं नाव आणि ईमेल बदलायला दोन ओळी लागतात. मी सांगितलं, बहिणीने टाइप केल्या, पहिल्यांदा स्पेलिंग चुकली, दुसऱ्यांदा बरोबर. तिने विचारलं, आता स्वतःच्या नावानं पाठवलं तर चालेल का. मी म्हटलं, पाठव, पण पुन्हा स्पेस पाठवलास तर बंद करीन, कारणासकट. ती हसली की रडली ते नीट कळलं नाही.

दिवेलागणीची वेळ टळून गेली होती. काका अजून पडद्यासमोरच होते, या वर्षाचे राखाडी चौकोन पाहत.

‘आज हिरवा नाही झाला,’ ते म्हणाले. ते विचारत नव्हते, आम्हाला सांगत होते.